रिक्षाच्या भाड्यात सव्वापट आणि दीडपट यांतला फरक

‘मुंबईत नवा नियम! रात्री ११ ते सकाळी ६ रिक्षाचं भाडं दीडपट. आधी २६ रुपये, मग प्रत्येक किलोमीटरला १७.१४. सिग्नलला थांबलं तर वेटिंगचे पैसे वेगळे. सर्वांना पाठवा.’

पाठवणाऱ्यांनी एकदा तरी आकडेमोड करायची होती. आमच्या मावशीने यावर विश्वास ठेवून पहाटे साडेचारला ८ किलोमीटरचे २४५ रुपये मोजून दिले. वाटेत कुठे थांबावं लागलं नव्हतं, म्हणजे भाडं होत होतं १७१.

सगळ्यात मोठा घोळ त्या २६ रुपयांचा आहे. मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरणाने १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू केलेल्या दरांत २६ रुपयांत पहिला दीड किलोमीटर येतो. ते काही रिक्षात बसायचे पैसे नाहीत. १७.१४ ला दीडने गुणा, २५.७१ येतात, तेच पूर्ण रुपयात २६. म्हणून दीड किलोमीटरच्या पुढे हिशेब अगदी सोपा: एकूण किलोमीटर गुणिले १७.१४. आठ किलोमीटरचे १३७.१२, म्हणजे दिवसा १३७ रुपये. त्यात २६ पुन्हा मिळवले की पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे दोनदा जातात. मेसेजमध्ये नेमकं हेच केलंय आणि त्या फुगलेल्या १६३ ची वर दीडपट केलीय.

रात्रीचा दर सव्वापट असतो, तोही मध्यरात्री १२ ते पहाटे ५ एवढाच. १३७.१२ ची सव्वापट १७१.४०. रात्री साडेअकराला किंवा सकाळी साडेपाचला दिवसाचंच भाडं.

इथे आणखी एक फसगत होते. मीटर रात्रीच्या दरावर चालू असेल, तर दिसणाऱ्या आकड्यात ती वाढ आधीच धरलेली असते. उतरताना किलोमीटर बघा. आठ किलोमीटरला १७१ च्या आसपास दिसत असेल, तर वर काहीही द्यायचं नाही. त्यावर कुणी पुन्हा सव्वापट लावली तर २१४ होतात. दिवसाचे १३७ च दिसत असतील, तर मात्र सव्वापट द्यावीच लागते, ते रिक्षावाल्याच्या हक्काचे पैसे आहेत.

वेटिंगबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य. थांबण्याचे पैसे लागतात, पण मीटर ते स्वतःच भाड्यात मिळवत जातं. तोंडी वेगळे मागायचे नसतात. दरपत्रकात फक्त अंतराचं भाडं असतं. त्यामुळे दुपारच्या गर्दीत आठ किलोमीटरला मीटरवर १३७ ऐवजी १४६ दिसले, तर लगेच मीटर फास्ट आहे म्हणून भांडू नका. वरचे ९ रुपये थांबण्याचे असू शकतात. मीटरवर थांबलेला वेळ दिसतो, तो तपासा. रिक्षा कुठेही न अडकता आली आणि तरीही आकडा एवढा वर गेला, तेव्हा मीटरवर संशय घ्यायला जागा आहे.

आणि हा मेसेज पुण्यात पाठवणाऱ्यांनो, तिथे सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेले दर २५ आणि १७ असे वेगळेच आहेत.