आय वॉज अ क्वालिटी इंजिनिअर

माझी नोकरी गेलेली नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण काल संध्याकाळपासून आमच्या गल्लीत मी बेकार आहे. सकाळी दूधवाल्याने माप ओतायच्या आधी हळूच विचारलं, "भाऊ, या महिन्याचं आत्ताच करून टाकायचं का?" समोरच्या वहिनींनी बायकोला सांगितलं की त्यांच्या भावाच्या ओळखीत एका जिनिंगमध्ये हिशेबाला माणूस पाहिजे, पगार कमी आहे पण माणसं चांगली आहेत. बायकोने हे मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं आणि वर म्हणाली, "विचारून ठेवायला काय जातंय?"

झालं एवढंच की लिंक्डइनवरचा माझा परिचय मी इंग्रजीच्या सरांना तपासायला दिला.

नाशिकच्या एका कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की प्रोफाइलमधली 'अबाउट'ची जागा रिकामी दिसते, काहीतरी लिहा. त्या जागेत 2600 अक्षरं मावतात. पण उघडल्यावर समोर पहिल्या तीनचार ओळीच दिसतात, बाकीचं 'सी मोअर' दाबल्यावर. म्हणजे जे काही बरंवाईट व्हायचं ते त्या तीनचार ओळीत. मी जळगावला पीव्हीसी पाइपच्या प्लांटवर आहे, त्यावर सहा वाक्यं लिहिली. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, टेन्स एकदा कोणाकडून चेक करून घ्या." टेन्स म्हटल्यावर भुसावळात आमच्या पिढीला एकच माणूस आठवतो.

सरांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण लाल पेन रिटायर झालेलं नाही. मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले, "काचेवर शाई चालत नाही." म्हणून प्रिंट काढून आणली. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे, आणि सरांच्या खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर. हा कूलर चालू असला की खोलीतलं बोलणं ओरडूनच करावं लागतं, आणि तो बंद करायची सोय नसते. बरं, कूलर तोंड आत करून बसवलेला असला तरी खिडकी गल्लीत उघडते. पलीकडच्या ओट्यावर संध्याकाळी सात-आठ मंडळी हवा खायला बसलेली असतात. हवा नसते, मग ते जे मिळेल ते खातात.

खोलीत आणखी एक जण होते, गार्डकाका. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता सरांकडे पेपर वाचायला येतात. सर शिकवायला लागले की हे गप्प बसतात.

सरांनी कागद हातात घेतला आणि पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं. "आय ॲम अ क्वालिटी इंजिनिअर." दुसरं, "सिन्स 2017 आय हॅव रन द टेस्टिंग लॅब." तिसरं, "आय लीड अ टीम ऑफ एट." चौथं, "इन 2022 आय सेट अप अ न्यू प्रेशर टेस्ट बेंच अँड कट द रिपोर्ट टाइम फ्रॉम थ्री डेज टू वन." पाचवं, "बिफोर 2017, आय वर्क्ड ऑन द एक्स्ट्रूजन लाइन." सहावं, "आय स्पीक मराठी, हिंदी अँड इंग्लिश."

"अरे!" सर ओरडले. थोडं रागाने आणि जास्त कूलरमुळे. "एका परिच्छेदात किती काळ? इथे वर्तमान, इथे पूर्ण वर्तमान, इथे भूत! खिचडी केलीस!"

"सर, ती कामं वेगवेगळ्या वेळची आहेत."

"परिच्छेद एक आहे ना?"

"एक आहे."

"मग काळ एक. कन्सिस्टन्सी!"

हा नियम सरांनी कुठून आणला ते मला पक्कं माहीत आहे. डायरेक्ट-इनडायरेक्टमधून. तिथे 'ही सेड' आलं की मागोमाग येणारं क्रियापद सहसा भूतकाळात ढकलायचं असतं, 'ॲम'चं 'वॉज' करायचं. चार मार्कांचा प्रश्न. सरांनी आयुष्यभर तो इतका शिकवला की आता त्यांना कुठेही एक भूतकाळी क्रियापद दिसलं की ते बाकीच्यांना ओढत घेऊन जातात. पण माझ्या परिचयात 'ही सेड' नाही. मीच माझ्याबद्दल बोलतोय आणि आजच बोलतोय.

काळ एकसारखा ठेवणं म्हणजे सगळी क्रियापदं एका साच्यातून काढणं नव्हे. एकाच वेळच्या गोष्टी एकाच काळात ठेवायच्या, आणि वेळ बदलली की काळ बदलायचा. मी प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारून स्वतःला विचारलं होतं, हे आजही चालू आहे का? माणूस क्वालिटी इंजिनिअर आहे, आजही. टीम आजही सांभाळतो. भाषा आजही बोलतो, निदान मराठी तरी. ते सगळं साधा वर्तमान. टेस्ट बेंच 2022 साली बसवला, तो विषय संपला, म्हणून नोकरी चालू असली तरी ते वाक्य भूतकाळात. जुनं काम भूतकाळात. 'सिन्स'चं मात्र वेगळं असतं. 2017 ला सुरू झालं आणि आजपर्यंत ओढत आणलंय, म्हणून तिथे 'हॅव' लागतं. आपण खानदेशी माणसं इथेच 'आय ॲम रनिंग सिन्स' लिहून मोकळे होतो, कारण डोक्यात "2017 पासून चालवू राहिलो भो" हेच वाजत असतं आणि आपल्याकडे त्याच्यात काही चुकत नाही. इंग्रजीत चुकतं. आणि 'हॅव' आलं म्हणून ते बेंचच्या वाक्यात घुसवायचं नाही. 'आय हॅव सेट अप इन 2022' हेही चालत नाही, कारण साल सांगितलं की दार बंद होतं.

हे मी सरांना सांगायला लागलो. सरांनी हात वर केला. शाळेत हा हात वर झाला की पंख्याचाही आवाज कमी व्हायचा. कूलरवर त्याचा परिणाम झाला नाही.

"हे 'सेट' कोणत्या काळातलं?"

"भूतकाळातलं, सर."

"मग रूप का बदललं नाहीस?"

"बदलत नाही, सर. सेट-सेट-सेट. कट-कट-कट. आधी 'इन 2022' लिहिलंय त्यावरून कळतं."

"परीक्षकाला कळायला पाहिजे!" असं म्हणून त्यांनी लाल पेनने 'हॅड' घुसवलं. आय हॅड सेट अप. दोन भूतकाळी गोष्टींतली आधीची दाखवायला 'हॅड' असतं. बेंच बसवला होता, मग काय झालं? पुढे काहीच झालेलं नाही. तो बेंच अजून चालू आहे, परवाच त्याच्यावर पाइपमध्ये पाणी भरून दाब दिला आणि एक पाइप फुटला. फुटायलाच पाहिजे होता. असले पाइप पकडायचाच मला पगार मिळतो. पण 'हॅड'मुळे वाचणाऱ्याला वाटणार, बसवला होता बिचाऱ्याने, आणि मग...

पुढे 'लीड'. भूतकाळ करताना सरांनी उच्चार बरोबर केला, 'लेड', पण स्पेलिंग तेच ठेवलं, एल-ई-ए-डी. म्हणजे शिसं. पीव्हीसी पाइपमधून शिसं काढायचे सरकारी नियम 2021 मध्ये आले, त्या कागदपत्रांत माझे किती रविवार गेले ते बायकोला विचारा. आणि सरांनी ते परत माझ्या टीममध्ये घातलं. मी म्हटलं, "सर, भूतकाळ करायचाच असेल तर मधला 'ए' काढावा लागेल." सर म्हणाले, "रीडचं रीडच राहतं ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंग्रजी भाषेकडेही नाही.

मग सरांनी सुधारलेली प्रत उभं राहून वाचून दाखवली. बोर्डाच्या परीक्षेआधी वाचायचे तशी. पूर्ण आवाजात, कूलरच्या वर.

"आय वॉज अ क्वालिटी इंजिनिअर! सिन्स 2017 आय हॅड रन द टेस्टिंग लॅब! आय लेड अ टीम ऑफ एट! आय हॅड सेट अप अ न्यू प्रेशर टेस्ट बेंच! आय स्पोक मराठी, हिंदी अँड इंग्लिश!"

बाहेर ओट्यावरचं बोलणं थांबलं. गार्डकाकांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि अगदी हळहळून विचारलं,

"कधी वारला भो हा?"

सर म्हणाले, "कोण?"

"हाच. ज्याचं वाचू राहिले तुम्ही. मराठी, हिंदी, इंग्लिश बोलायचा म्हणे. गुणी होता."

"काका, मीच आहे तो," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मग नोकरी गेली म्हण ना. मी उगाच घाबरलो." आणि हे सगळं कूलरमुळे ओरडून. 'नोकरी गेली म्हण ना' हे वाक्य भुसावळच्या त्या गल्लीत कोणाला ऐकू आलं नसेल तर तो माणूस त्या वेळी गावात नव्हता.

काकू पन्हं घेऊन आल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "होईल बाळा काहीतरी." चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे ऐकताना खरोखर रडू येतं, नोकरी असली तरी.

आता चीड कशाची येते सांगतो. सरांचं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर बहुतेक ठिकाणी व्याकरणाची चूक सापडत नाही. 'आय वॉज अ क्वालिटी इंजिनिअर' शुद्ध आहे. 'आय लेड अ टीम ऑफ एट', तो 'ए' काढला तर, शुद्ध आहे. कॉम्प्युटरवरची लाल रेघ त्याच्याखाली येणार नाही, कारण त्या रेघेला काय माहीत मी अजून कामावर जातो की नाही. खोटी आहे ती माहिती. आणि ती चूक फक्त मलाच दिसू शकते, ज्याला इंग्रजीची भीती वाटते म्हणून तो दुसऱ्याकडे गेला. सकाळच्या गाडीने जळगावला जायचं, दिवसभर प्लांटवर मराठीत आणि हिंदीत ओरडायचं, पाइप फोडायचे, आणि आपण हे सगळं करतो हे सिद्ध करायला रात्री 'हॅव' की 'हॅड' यावर झोप घालवायची. माझ्या हाताखालच्या एका ऑपरेटरला पाइप नुसता ठोकून कळतं की मालात गडबड आहे. त्याला 'सिन्स' येत नाही, म्हणून त्याचा परिचय कुठेच नाही.

मी माझीच सहा वाक्यं टाकली, जशीच्या तशी. आज दुपारी नाशिकच्या बाईंचा फोन आला. हिंदीत. पगार किती, नोटीस पिरियड किती, नाशिकला यायची तयारी आहे का. मी विचारलं, अबाउट वाचलंत का? त्या म्हणाल्या, "हां हां, भर दिया ना आपने, बस."

संध्याकाळी सरांचा नातू दारात उभा. सरांनी निरोप दिला होता की खालचा 'एक्सपीरियन्स'चा भाग राहिलाय, त्याचीही प्रिंट घेऊन ये, तो पण भूतकाळात करून टाकू. बायको म्हणाली, "ते घरी नाहीत." मी आतल्या खोलीत होतो आणि पहिल्यांदाच तिच्या काळाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.