मुलगी मुळातच कमी जेवते, असे म्हणणाऱ्यांना उत्तर

‘आता मुलगा-मुलगी भेद कोणत्याही घरात उरलेला नाही. मुली मुळातच नाजूक असतात आणि कमी जेवतात, त्याला भेदभाव म्हणू नका. दहावी-बारावीच्या निकालात दरवर्षी मुलीच पुढे असतात. आणि मुलींना बाहेर जाण्यावर जी बंधने असतात ती काळजीपोटी असतात.’

हा मजकूर मी याआधीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. या वेळी तो माझ्या मावसबहिणीने मला पाठवला. तिची मुलगी अकरा महिन्यांची आहे, गेल्या दोन वजनांमध्ये मागे पडली आहे, आणि ‘बघ, काळजीचे कारण नाही’ असे तिने खाली लिहिले होते. लहान मुलांची वजने घेण्याच्या आणि आयांशी त्याबद्दल बोलण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे नाजूकपणाच्या मुद्द्यावर मी सविस्तर लिहिणार आहे.

वाढीचा तक्ता मुलींसाठी वेगळा असतो आणि मुलांसाठी वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांप्रमाणे वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन 9.6 किलो असते आणि मुलीचे 8.9 किलो. मुलीच्या देहात जो काही नैसर्गिक फरक असेल तो या आकड्यातच धरलेला आहे. तिची तुलना तिच्या वयाच्या निरोगी मुलींशीच होते, मुलांशी नाही. वर्षाच्या मुलीचे वजन 7 किलोच्या खाली असेल, तर ते मुलींच्याच मानकाने कमी असते आणि तिथे ‘मुलगी आहे म्हणून’ हे कारण लागूच पडत नाही. एकाच वजनावरून निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण तिची रेषा लागोपाठ दोन-तीन महिने आडवी होत गेली किंवा खाली वळली, तर तिच्या पोटात पुरेसे जात नाही किंवा ती आजारी आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

निसर्गाचा हवाला द्यायचाच असेल तर पूर्ण द्यावा. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मुलगे मुलींपेक्षा जास्त दगावतात. मुली त्या काळात अधिक चिवट ठरतात. तरीही 2005-06 च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्या वाढदिवसानंतर आणि पाचव्या वाढदिवसाआधी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मुलींमध्ये हजारी 23 होते आणि मुलांमध्ये 14. पुढच्या काळात हे अंतर बरेच कमी झाले, हे मी मान्य करते. पण पहिल्या महिन्यात जी मुलगी मुलापेक्षा चिवट असते, ती वर्षाची झाल्यावर आपोआप नाजूक होत नाही. मधल्या काळात तिच्या वाट्याला काय आले, ते पाहावे लागते.

ते काय असते, याचे मला माहीत असलेले सर्वांत नेमके उत्तर सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील आकडेवारीवरून 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. मुलींना अंगावरचे दूध मुलांपेक्षा कमी काळ मिळते, आणि ज्यांना मोठा भाऊ नाही अशा बाळांनाही ते कमी काळ मिळते, असे त्यांना आढळले. कारण कोणाचा दुष्टपणा नाही, तर पुढच्या बाळंतपणाची घाई आहे.

समजा, दोनच मुले हवीत आणि त्यात एक मुलगा हवा, असे एका जोडप्याने ठरवले आहे. पहिला मुलगा झाला, तर दुसऱ्याची घाई नसते; आई दीड-दोन वर्षे निवांत पाजते. पहिली मुलगी झाली, तर सहा-आठ महिन्यांतच ‘हिच्या पाठीवर भाऊ येऊ दे’ असे सगळे म्हणू लागतात. अंगावर पाजणे चालू असताना दिवस राहण्याची शक्यता कमी असते, म्हणून कुठे दूध लवकर तोडले जाते. आणि दिवस राहिले की पोटातल्या बाळाच्या काळजीने ते बहुतेक घरांत तोडलेच जाते. म्हणजे मुलीचे दूध नवव्या-दहाव्या महिन्यात सुटते. नेमके याच वयात बाळ रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते, वरचे अन्न आणि वरचे पाणी सुरू झालेले असते आणि जुलाब वारंवार होतात. भूक मेलेल्या आजारी बाळाला जे एक अन्न चालते, तेच काढून घेतलेले असते. दुसरीही मुलगी झाली, तर ठरवलेली संख्या पूर्ण होऊनही थांबता येत नाही, आणि घाई आणखी वाढते. मुलगा-मुलगीतले हे अंतर याच टप्प्यावर सर्वांत मोठे होते, असे त्या अभ्यासात दिसते. मुलांच्या जगण्याच्या आकड्यांतही तोच नमुना उमटतो, विशेषतः जिथे दुधाऐवजी दिले जाणारे अन्नपाणी स्वच्छ नसते तिथे.

या घरात मुलीला कमी द्या, असे कोणीही म्हणालेले नाही. आई-वडील शपथेवर सांगतील की आम्ही भेद केला नाही, आणि ते खोटे बोलत नसतील. म्हणून भेद उरला आहे की नाही, हे घराला विचारून कळत नाही. थोरलीचे दूध कोणत्या महिन्यात तोडले, तेव्हा आईला दिवस गेले होते का, आणि धाकट्या भावाला किती महिने पाजले, एवढे विचारले की कळते. घरोघरी मुले होऊ देणे नेमके केव्हा थांबवले, हेही पाहता येते. भारत सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीने घरातील शेवटचे अपत्य मुलगा आहे की मुलगी, हे तपासले. मुलाची हाव नसती तर शेवटच्या अपत्यातही दर हजार मुलींमागे साधारण 1050 मुलगे असायला हवे होते. प्रत्यक्षात मुलांचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त निघाले. मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, या नियमामुळे जन्मलेल्या ‘नकोशा’ मुलींची संख्या त्या पाहणीने सुमारे 2.1 कोटी काढली. या मुली मोठ्या भावंडसंख्येच्या घरात वाढतात, आणि सगळ्यांना अगदी समान वाटले तरी त्यांच्या वाट्याला कमीच येते.

निकालाबद्दल थोडक्यात. मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण जास्त असते, हे खरे आहे, आणि प्राथमिक शाळेत पटावर मुली मुलांच्या बरोबरीने आहेत, हेही खरे. पण निकाल फक्त परीक्षेला बसलेल्यांचा लागतो. त्याआधी घरी बसवलेल्या मुली त्या टक्केवारीत नसतात. शिवाय फी भरावी लागणाऱ्या शाळेत मुलगा आणि विनाशुल्क शाळेत मुलगी, ही वाटणी ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षे दिसत आली आहे.

राहता राहिली काळजी. वाटेवर धोका असतो, हे मी नाकारत नाही. पण त्या धोक्यावर घराने काढलेला उपाय बहुतेक वेळा मुलीचेच जाणे थांबवण्याचा असतो. बिहार सरकारने 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा परिणाम मोजला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल असलेल्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि ही वाढ मुख्यतः ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथली होती. मुली त्याच होत्या, आई-वडीलही तेच होते आणि रस्ताही तोच होता.

मावसबहिणीला मी आकडे पाठवलेले नाहीत. बाळाला जुलाब होतात का, अंगावरचे दूध चालू आहे का आणि बंद केले असेल तर का, एवढे विचारले आहे, आणि तक्ता घेऊन याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले आहे.