62 एएच की 300? बॅटरीच्या हिशोबावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

«रोजचा वापर दीड युनिट. 1500 वॅट-तास भागिले बँकेचे 24 व्होल्ट म्हणजे 62 अँपिअर-तास, एएच. तुम्ही दोन दिवसांच्या बॅकअपसाठी 150 एएचच्या चार बॅटऱ्या सांगता! दुकानदाराचं कमिशन किती मिळतं? आणि ठाण्यात दोन दिवस लाइट जाते कधी?»

कमिशनचं असतं तर पाच सांगितल्या असत्या. तुमचा भागाकार बरोबर आहे, पण दोन पायऱ्या गळल्यात.

दीड युनिट म्हणजे फ्रिजचं एक, राउटरचं पाव आणि पंखा-दिव्यांचं पाव. एवढं सॉकेटवर मिळायला इन्व्हर्टर बॅटरीतून जास्त ओढतो. त्याची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर 1500 भागिले 0.85 म्हणजे 1765 वॅट-तास. हे झालं बॅटरीतून निघणारं. आता लेड-ॲसिड ट्युब्युलर बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही असं ठरवलं, की दुप्पट, 3530. 24 व्होल्टला 147 एएच, म्हणजे 12 व्होल्टच्या 150च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. ही झाली एका दिवसाची बँक.

अर्ध्यावर का थांबायचं, ते माझ्या मावसभावाच्या घणसोलीच्या घरी बघितलं. हाच लोड, गच्चीवर सोलर, पण बॅटऱ्या 100च्या दोन. म्हणजे रोज जवळपास तीन-चतुर्थांश रिकाम्या. दुसऱ्या वर्षी चार्जर पटकन ‘फुल’ दाखवायला लागला आणि संध्याकाळी फ्रिज सुरू झाला की तासाभरात इन्व्हर्टर बोंबलायचा. चार्ज करून, लोड काढून, रात्रभर ठेवून मीटर लावला तर 12.2 व्होल्ट. धडधाकट बॅटरी अशा वेळी 12.6-12.7 दाखवते. पाणी मात्र बिचारा नेमाने घालत होता.

दोन दिवसांवर मात्र तुम्ही मला पकडलंत. त्या गणिताने 294 एएच येतात, म्हणून दोन-दोनच्या दोन जोड्या, 300 एएच, अशा चार बॅटऱ्या लिहिल्या. पण तो आकडा महावितरणची जोडणीच नसलेल्या फार्महाउसचा. घोडबंदरच्या फ्लॅटला लावणं माझी चूक. शिवाय 300 एएचच्या बँकेला साधारण 30 अँपिअरचा चार्जर हवा. घरच्या इन्व्हर्टरचा 15चा असला तर एवढी बँक रिकामी झाल्यावर भरायला रात्र पुरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट बसतं. म्हणजे जास्त बॅटऱ्या घेऊनही त्या लवकर जातात. मूळ लेखात आता ‘एक दिवस, दोन बॅटऱ्या’ असं दुरुस्त केलंय.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणार असाल तर 80 टक्के वापरा: 1765 भागिले 0.8, भागिले या पॅकचे 25.6 व्होल्ट, म्हणजे 86 एएच. बाजारात 100चा पॅक मिळतो. तुमच्या 62 च्या सगळ्यात जवळ जाणारा आकडा हाच.