रोप चेन दुरुस्तीनंतर कडक का झाली: ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर

"आठ ग्रॅमची रोप चेन वर्षभरात तुटली. जोडून दिली तर त्या जागी ताठ झाली, वळतच नाही. आईची बॉक्स चेन वीस वर्षं टिकली. सोन्याची क्वालिटी खराब." – एक स्टार

ताई, नमस्कार. राग यावा असंच घडलंय, म्हणून नीट सांगते.

सोनं ९१६ आहे, हुकाजवळचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहता येईल. फरक विणीत आहे. रोपमध्ये प्रत्येक कडी शेजारच्या तीन-चार कड्यांत अडकलेली असते. त्यामुळे ओढ वाटली जाते, पीळ पडत नाही, आणि भरीव रोप खूप मजबूत असते. तुमची पोकळ आहे, बिलावर तसं लिहिलंय. दिसायला तेवढीच जाड, पण वजन भरीव चेनच्या निम्म्याच्या आसपास. पोकळ कडीचा पत्रा फार पातळ असतो. तुमच्या फोटोत तुटलेलं टोक बघा: कडी ओढून उघडलेली नाही, आतून घासून धारदार झाली आहे. पेंडंट नेमकं तिथेच सरकत होतं. जड पेंडंट पोकळ रोपमध्ये घालू नये.

आता ताठपणा. तुटकी जागा डाखाने जोडताना वितळलेला डाख शेजारच्या कड्यांच्या फटींत शिरतो. कड्या इतक्या जवळ, की तो अडवता येत नाही. पोकळ कडीला आंच थोडी जास्त लागली तर पत्राच वितळतो, म्हणून कारागीर जपून, पण जरा जास्त डाख घालून जोडतो.

आईंची बॉक्स टिकली याचं नवल नाही. जाड, भरीव बॉक्सच्या चौकोनी कड्या एकमेकींवर सपाट टेकतात, झीज हळू होते. पण एक मिलिमीटरच्या आतली बारीक बॉक्स मी रोजच्या वापराला देत नाही. झोपेत दुमडली की कोपरा मोडतो, आणि पुढे तिथेच तुटते. बोटावरून ओढून पाहा, जिथे अडखळते तिथे मोड आहे. ती जोडली तरी दोन-तीन कड्या एकमेकींना चिकटतात.

दुरुस्तीला सगळ्यांत सोपी साधी गोल कड्यांची चेन. एकच कडी उघडायची, बदलायची, तेवढीच झाळायची. जोड शोधूनही सापडत नाही. रोज पेंडंट घालणार असाल तर माझं मत तिच्याच बाजूने आहे.

तुमच्या चेनचा ताठ भाग, साधारण अर्धा सेंटिमीटर, कापून दोन्ही टोकांना टोप्या बसवून मध्ये एक कडी घालता येईल. जोड दिसेल, पण चेन वळेल. याची मजुरी घेणार नाही. साधी भरीव चेन हवी असेल तर ही वजन करून, घट न कापता बदलून देईन. कापलेला तुकडा तुमच्यासमोर तोलून परत मिळेल. येताना बिल आणि ते पेंडंटही आणा, त्याचं वजन पाहूनच कडीची जाडी ठरवू.