वह्या इमोजीमुक्त कशा कराव्यात : मराठीच्या शिक्षकांसाठी हमखास उपाय

परवा आमच्या स्टाफ ग्रुपवर वरून आदेश आला. आधी लाल उद्गारचिन्हं, मग कर्णा, मग जोडलेले हात, आणि त्याखाली मजकूर: विद्यार्थ्यांच्या निबंधांत व स्वाध्यायांत इमोजी आणि चॅटिंगची भाषा वाढल्याचे निदर्शनास आले आहे, तरी मराठी विषय शिक्षकांनी तातडीने उपाययोजना करून फोटोसह अहवाल सादर करावा. सही म्हणून गुलाबाचं फूल. मिनिटभरात खाली अंगठ्यांची रांग लागली. एका सरांनी तर अंगठ्यावर न भागवता टाळ्याही वाजवल्या.

असा आदेश तुमच्याही शाळेत आला असेल, नसला तर येईल. म्हणून सांगलीहून थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी लाल पेन घ्या. इमोजी दिसला की त्याभोवती गोल काढा. पोरानं काढलेल्या गोलाभोवती तुमचा गोल, म्हणजे पानाला शोभाही येते. समासात ‘भाषा सुधारा’ असा शेरा मारा. कशी सुधारायची ते अजिबात लिहू नका.

पालकांना बोलवा आणि पोराचा मोबाइल काढून घ्यायला सांगा. निरोप अर्थातच व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याच्या वरच आपण काल पाठवलेली स्वाध्यायाची पीडीएफ असेल, तिकडे दोघांनीही दुर्लक्ष करावं.

तिसरा उपाय बोलीभाषेचा. चॅटिंगची भाषा हुडकताना ‘लई’, ‘आल्तो’, ‘न्हाई’ असं जे जे सापडेल ते सगळं एकाच पेनानं खोडा. हे शब्द पोराच्या पणजीनं मोबाइलवर शिकले नव्हते आणि पाठ्यपुस्तकात बोलीतला उतारा आला की आपणच तो ठसक्यात वाचून दाखवतो, असला बारीक विचार करत बसाल तर गठ्ठा कधी संपायचा? कथेतली आजी पुण्याच्या बाईंसारखी बोलली पाहिजे. ‘प्लीज’मधलं फक्त ‘प्लझ’ उरलंय, ‘खूप’ला सहा ‘प’ लागलेत, आणि संवादात आजी ‘लई पाणी आलं बग’ म्हणतेय, ह्या तिन्ही गोष्टींना एकच शिक्षा. समता पाळा.

आता मुख्य उपाय, तो नीट समजून घ्या: इमोजीच्या जागी काय होतं, हे मुलाला चुकूनही विचारू नका.

विचारलं की काय होतं ते सांगतो. नववीला ‘मी अनुभवलेला महापूर’ हा विषय दिला होता. सांगलीच्या पोरांना ह्या विषयासाठी कल्पनाशक्ती लागत नाही. एकाच्या वहीत एवढंच होतं: ‘२०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलं लय टेन्शन आलं भावा सगळं सामान गेलं’ आणि पुढे निळ्या पेनानं काढलेली तीन रडकी तोंडं, अश्रू मन लावून रंगवलेले. पूर्णविरामाचा पत्ता नाही, कारण चॅटमध्ये वाक्य संपलं की बोट ‘सेंड’वर जातं, टिंब कोण देतो? उलट मुलांच्या चॅटमध्ये वाक्यापुढे टिंब दिलं तर समोरचा विचारतो, रागावलास का म्हणून.

मी त्याला म्हटलं, मोठ्यानं वाच. वाचत गेला आणि तोंडांपाशी आला तसा थांबला. हसला, माझ्याकडे बघितलं, परत वहीत बघितलं. हे जमलं तर कुठल्याही वर्गात करून बघा. ‘लय टेन्शन’ तोंडानं वाचता येतं, रडकं तोंड वाचता येत नाही. पोरगं जिथं अडखळतं तिथं वाक्य गळलेलं असतं.

‘इथं कोण रडतंय?’

‘कोण नाही सर.’

‘मग हे काय?’

‘तसं न्हाई सर, फ्रिज.’

मग फ्रिज बाहेर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे त्याला पाढ्यासारखं पाठ आहे, कारण घरात जूनपासून तेवढंच बोलणं चालतं. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं. बाबांनी निघताना फ्रिज उचलून डायनिंग टेबलावर ठेवला होता. टेबल उंच आहे, तिथवर काय येत नाही पाणी, असा हिशेब. विश्रामबागेत मावशीकडे राहून परत आले तर दार उघडेना. बाबांनी खांदा लावला, काकांनी लावला. फ्रिज तरंगत तरंगत येऊन दाराच्या मागं आडवा पडला होता, आणि आत पाण्यानं फुगलेली ज्वारीची पिशवी त्याला तटून बसली होती. आई बाहेर रस्त्यावर उभी होती. ती रडली नाही. ती म्हणाली, ‘हप्ते चालू हायत अजून त्याचे.’

हे सगळं तीन तोंडांत होतं!

लिही म्हटल्यावर त्यानं लिहिलं. पहिल्या खेपेला ‘फ्रिज दाराला अडकला होता’ एवढंच. कुठल्या बाजूनं? आतनं. मग दार कुणी ढकललं? असं चार-पाच प्रश्नांत पाऊण पान झालं. ‘लय टेन्शन’ त्यानं आपणहून खोडलं, आईचं वाक्य आल्यावर त्याची गरजच उरली नव्हती. मी लाल पेन उचललाही नाही. आणि ह्यात तासातली दहा मिनिटं गेली, एका पोरामागं दहा मिनिटं! वर्गात पोरं किती, तास केवढा, मधे कुणाची कसली लिंक भरायची, यादी कुठली द्यायची, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून म्हणतो, विचारू नका. गोल काढा आणि पुढची वही घ्या.

पुढची वही सुंदर असते. अक्षर मोत्यासारखं, एक इमोजी नाही, एक ‘भावा’ नाही. ‘पावसाचे रौद्र रूप पाहून माझे अंतःकरण हेलावून गेले. निसर्गापुढे मानव किती क्षुद्र आहे, याची प्रचिती आली.’ त्याच्या पुढची वहीही तशीच, तीतही अंतःकरण हेलावलेलं, तेही बरोबर दुसऱ्या परिच्छेदात. गाइड एकच आहे हो! ह्या पोरांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं का? शिरलं होतं. पण त्यातलं काही वहीत शिरू दिलं नाही त्यांनी. दहावीला निबंधाला ८ गुण. गाइडवाल्याला आपण सहा-सात देतो आणि फ्रिजवाल्याला तीन, वर ‘भाषा सुधारा’. पोरं खुळी नाहीत. दोन चाचण्यांत त्यांना कळतं की स्वतःचं लिहिलं की मार्क जातात. मग वही आपोआप इमोजीमुक्त होते आणि आपण अहवालात ‘लक्षणीय सुधारणा’ लिहितो. कसली सुधारणा? गाइडमध्ये इमोजी छापत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. वर्गात जे पोरगं रडकं तोंड काढतंय तेच त्या क्षणी स्वतःचं काहीतरी सांगायला निघालंय, आणि आपण नेमकं त्यालाच धरतोय.

असो. सूर चढला. उपाय सांगत होतो.

पत्रलेखनाबद्दल एकच. आयुक्तांना तुंबलेल्या गटारीबद्दल लिहिलेल्या विनंतीपत्रात ‘सर प्लझ लवकर करा’ आणि जोडलेले हात दिसले तर पत्राच्या आराखड्याची झेरॉक्स वाटा. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू, सगळं जागच्या जागी आलं की झालं. मग गटार कुठली, हे पत्रात नसलं तरी चालतं.

चालत नाही! आता उपरोध पुरे.

चॅटमध्ये पोरगं ‘तिथंच तुंबलंय बघ’ लिहितं आणि मित्राला कळतं, कारण मित्र त्याच गल्लीतला असतो. हात जोडले की मस्करी आहे का खरी विनंती, तेही त्याला कळतं. आयुक्त त्या गल्लीत राहत नाहीत. वाचणाऱ्याला आपलं काहीच माहीत नाही, ही गोष्ट पोराला कुणी सांगितलेलीच नसते. ती ‘महोदय’ लिहून कळत नाही. फळ्याच्या मधोमध रेघ ओढा. डाव्या बाजूला मित्राला पाठवायचा मेसेज त्यांच्याच भाषेत लिहून घ्या, भावा-बिवा सगळ्यासकट, नाक मुरडू नका. उजव्या बाजूला तीच तक्रार आयुक्तांना. मग पोरांनाच विचारा, डावीकडचं वाचून महापालिकेचा माणूस गटारीपर्यंत पोचेल का? कुठला चौक, कुठल्या दुकानासमोर, कधीपासून, पाणी कुणाच्या दारात जातं, हे ती स्वतः भराभर सांगतात आणि उजवी बाजू भरते. मग हात जोडायला जागा राहत नाही आणि त्याची आठवणही कुणाला होत नाही. दोन तास जातात ह्यात. दर महिन्याला परत करावं लागतं, कारण सुट्टी लागली की विसरतात. आणि काही पोरं तरीही काढतातच, हौस म्हणून. त्यांना सरळ सांगायचं, परीक्षेत नको, बास. त्यासाठी अभियान लागत नाही.

आणि जे अभियान काढतात त्यांनी आधी स्वतःच्या चार ओळी अंगठ्याशिवाय लिहून दाखवाव्यात. कुणाचे वडील गेले की ग्रुपवर हात आणि फुलं टाकून मोकळे होता, त्या माणसासाठी एक वाक्य सुचत नाही तुम्हाला, आणि चौदा वर्षांच्या पोराला महापुरावर दोन पानं सुचली पाहिजेत? त्याचं वाक्य गळतं तिथं तुम्ही गोल काढता. तुमचं गळतं तिथं गुलाब ठेवता. मराठी शिकवायचा पगार घेतो आपण, वह्या रंगवायचा नाही. गठ्ठा संपवण्याची शर्यत बंद करा. आठवड्याला पाचच वह्या घ्या, पण पोराला शेजारी बसवून, वाचायला लावून घ्या. बाकीच्या तशाच राहू देत. कुणी विचारलं, एवढ्याच का तपासल्या, तर माझं नाव सांगा.