"कुठला पूल?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: फोटो कापलाय किती?

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुण्यातल्या भिडे पुलाचे फोटो येणारच. परवा एका काकांनी टाकला, "भिडे पूल, आत्ता!" लगेच निम्मा ग्रुप झाडं आणि इमारती ओळखायला लागला. मी तो फोटो डाउनलोड करून आधी त्याचं माप बघितलं.

1080 बाय 1350. म्हणजे 4:5. बहुतेक फोनचे कॅमेरे फोटो 4:3 किंवा 16:9 मध्ये काढतात. 4:5 हा पोस्टसाठी कापलेला आकार. वरच्या कडेला तीन-चार पिक्सेलची पांढरी रेघ होती, ॲपची पार्श्वभूमी उरलेली. म्हणजे स्क्रीनशॉट. उजवीकडे खाली गढूळ पाण्यात एक आडवा पट्टा असा गुळगुळीत, की त्यात ना लाट ना दाणा. तिथली अक्षरं पुसलेली. गाडीतला डॅशकॅम तारीख-वेळ बऱ्याचदा खालच्या कडेलाच छापतो, म्हणून मला त्याचा संशय आला.

मग खांब बघितले, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. वाइड लेन्समध्ये सरळ रेषा बाहेर फुगते. मध्यातून जाणारी रेषा मात्र सरळच राहते. अख्ख्या फोटोत डाव्या-उजव्या कडेचे खांब साधारण सारखेच फुगायला हवेत. इथे उजव्या कडेच्या खांबाचं पोट ठळक बाहेर, आणि डाव्या कडेचा खांब पट्टी लावावी इतका ताठ! म्हणजे लेन्सचा मध्य डाव्या कडेपाशी होता. मध्यावरच्या उंचीचा कठडाही सरळ होता, तेव्हा वरून-खालून एकतर्फी काप नव्हता. मूळ फ्रेम 16:9 धरली, तर 1350 उंचीला रुंदी 2400 आणि मध्य 1200 वर. डावीकडचं जवळजवळ निम्मं चित्र उडवलेलं.

आता सांगा, उरलेल्या निम्म्यात "इथे अमुक दुकान दिसत नाही, म्हणून हा भिडे पूल नाही" असं म्हणता येईल का? दुकान कापलेल्या भागात असू शकतं. कापलेल्या फोटोत जे दिसतं त्याचाच पुरावा होतो. जे दिसत नाही त्याचा नाही.

एक खबरदारी. फोनचे कॅमेरे ही फुगवटी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा आपणच सरळ करतात, त्यामुळे सरळ रेषा दिसल्या म्हणून काप नाही असं ठरत नाही. (तिथे कडेची माणसं ताणलेली दिसतात का ते बघावं.) आणि मोबाइल वरच्या दिशेने तिरपा धरल्यावर खांब एकमेकांकडे झुकतात, ती फुगवटी नव्हे; ते झुकतात, पण सरळच राहतात.

पट्टा वगळून उरलेला तुकडा रिव्हर्स सर्चला, म्हणजे फोटोवरून फोटो शोधायला, टाकला. अख्खी फ्रेम मिळाली. डावीकडे दुकानाची पाटी होती, गुजराती अक्षरांत.

काकांनी ग्रुपवरून फोटो हटवलेला नाही अजून.