सर, गुडघा थोडा दुखतो

‘सर, वजन कमी करायचंय. गुडघा थोडा दुखतो. जेवण घरचंच, साधं. रोज एक तास देऊ शकतो. प्लॅन पाठवा.’

सोमवारी सकाळी असा मेसेज आला की मी ओळखतो, रविवारी कुणाच्या तरी लग्नाला जाताना पँटचं बटण लागलेलं नाही. पाच वाक्यांतून मला कळतं ते एवढंच, की माणूस हयात आहे. जन्मवेळ कळवली की उरलेलं ट्रेनर पंचांगात बघून काढतो, अशी समजूत असावी.

त्या ‘थोडा’पासून सुरुवात करू. आपल्याकडे दुखण्याला तेवढं एकच माप आहे. काटा रुतला तरी थोडं दुखतं, प्लास्टर चढलं तरी थोडंच. मला माप नंतर चालेल, आधी जागा आणि वेळ सांगा. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा. वाटीच्या आजूबाजूला दुखतं, की सांध्याच्या आतल्या कडेला? जिना चढताना की उतरताना? दोन तास बसून उठताना पहिली चार पावलं लंगडत पडतात का? वाटीभोवती, उतरताना आणि बसून उठल्यावर दुखत असेल, तर बहुतेकदा भानगड वाटीवर येणाऱ्या भाराची असते. तिथे व्यायाम बंद करायचा नसतो, कमी खोलीवर सुरू करायचा असतो: आधी उंच खुर्चीवरून उठबस, मग दहा-पंधरा सेंटिमीटरच्या पायरीवरून सावकाश उतरणं. मात्र गुडघा सुजतो, मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही किंवा चालताना दगा देतो असं असेल, तर मेसेज चुकीच्या माणसाला पाठवलाय. आधी हाडांचे डॉक्टर, मग मी.

हे नाही सांगितलं, तर पहिल्याच दिवशी मी लंजेस देतो. पाय पुढे टाकून खाली जाऊन थांबायचं, म्हणजे नेमका त्याच वाटीवर भार. तुम्ही ते दात-ओठ खात पूर्ण करता, कारण वर्षाचे पैसे भरलेले असतात. मंगळवारी कठड्याला धरून जिना उतरता आणि सोसायटीत बातमी पसरते की जिममुळे गुडघा गेला. करताना दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर उतरत असेल, तर बिनधास्त चालू ठेवायचं. नाही उतरलं, तर खोली किंवा वजन कमी. पण तुमचं ‘नेहमीचं’ किती, हे मला माहीत हवं.

काही जण उत्साहाने एमआरआयची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून फोटो पाठवतात. त्यात मला मणक्यापेक्षा मागचा पंखा जास्त स्पष्ट दिसतो. त्यापेक्षा डॉक्टरांनी काय करू नका म्हटलंय, ते एक वाक्य द्या. आणि गोळ्यांची नावं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, नाडी फारशी वाढू देत नाहीत. मग ट्रेडमिलवर चिकटवलेला वयानुसार नाडीचा तक्ता तुमच्यापुरता भिंतीवरच्या कॅलेंडरइतकाच उपयोगी. अशा माणसाला मी बोलायला लावतो. वाक्य पूर्ण होतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग बरोबर.

आता ‘घरचं, साधं’. या दोन शब्दांनी जितका घोळ घातलाय तितका वडापावनेही घातलेला नाही. तुम्ही काय खाता हे मला विचारायचंच नाही, घरात तेल किती दिवस पुरतं ते सांगा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज चाळीस मिलीच्या वर तेल येतं, म्हणजे आठ छोटे चमचे. साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. पोळीवर तूप न घेण्याचा जो त्याग चाललेला असतो, तो या डब्याने कधीच गिळलेला असतो. चहाही असाच. ‘चहा घेतो’ नको. किती कप, कपात साखर किती चमचे, आणि सोबतची बिस्किटं चहात धरता की बिस्किटांत, ते सांगा.

‘अंडी चालतात’ हे वाक्य तर मी आता पंचांग उघडूनच वाचतो. सोमवार, गुरुवार, शनिवार नाही, चतुर्थी-एकादशी नाही, श्रावण संपूर्ण नाही, आणि सासूबाई आल्या असतील तर मुळीच नाही. माझी काहीच हरकत नाही. त्या दिवसांत पनीर, दही, मूग घालता येतात, फक्त आधी कळायला हवं. उपासाला साबुदाणा खिचडी खाल्ली, की त्या दिवशी प्रोटीन म्हणजे काय ते दाण्याच्या कुटातलंच.

वेळेबद्दल एकच सांगतो. सहा दिवस येईन म्हणालात, तर मी छाती एका दिवशी, पाठ दुसऱ्या, पाय शुक्रवारी अशी वाटणी करीन. आणि तुम्ही सोमवारी, मंगळवारी उगवाल. मग महिनाभर छाती-पाठ होते आणि पायांचा वार येतच नाही. तीनच दिवस म्हणालात, तर प्रत्येक दिवशी सगळं अंग थोडं थोडं घेईन. एक दिवस बुडाला तरी काही उपाशी राहत नाही.

वरचाच मेसेज त्याच माणसाकडून नीट काढून घेतला, तर असा होतो:

‘वय 46, उंची 168 सेंमी, वजन 78, बेंबीपाशी कंबर 97 सेंमी. उजवा गुडघा, वाटीच्या खाली, जिना उतरताना दहापैकी तीन, चढताना नाही. सूज नाही, अडकत नाही. गोळी मेटोप्रोलॉल, सकाळी. डोंबिवलीहून 7.40ची लोकल, जाताना उभा, घरी 8.15. जमतील ते दिवस मंगळवार, गुरुवार रात्री 9 ते 9.40, रविवारी सकाळी तासभर. झोप सहा तास. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या-भाजी, संध्याकाळी सीएसएमटीला वडापाव (आठवड्यात तीनदा, खरं म्हणजे चारदा), रात्री वरणभात. चहा चार कप, दोन-दोन चमचे. तेल पाच लिटर महिना, माणसं चार. अंडी मंगळ, बुध, शुक्र, रवि. चार महिन्यांनी ऑफिसबरोबर कळसूबाई. चढून परत स्वतःच्या पायाने उतरायचंय.’

शेवटच्या वाक्याने माझं निम्मं काम केलं. ‘वजन कमी’ म्हटलं की मी काट्याकडे बघत बसतो. कळसूबाई म्हटलं की डोळ्यांपुढे 1646 मीटर उंची, लोखंडी शिड्या आणि बारी गावापर्यंतचा उतार येतो. चढताना छाती भरून येते, पण उतरताना प्रत्येक पायरीला मांडी ताणली जात असताना ब्रेक लावते, आणि हाच गुडघा नेमका उतरतानाच कुरकुरतोय. म्हणजे मुख्य व्यायाम ठरला: पायरीवरून तीन आकडे मोजत उतरणं, आठ-आठचे तीन फेरे, मंगळवारी आणि गुरुवारी. त्रास वाढत नसेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी पायरी थोडी उंच. रविवारी जिन्याचे मजले, शेवटच्या महिन्यात पाठीवर पाच किलोची सॅक. वजनाचं म्हणाल, तर आठवड्यातले दोन वडापाव आणि चहातली निम्मी साखर गेली, तेल पाचवरून साडेतीन लिटरवर आलं, तर चार महिन्यांत तीन-चार किलो आरामात उतरतात. तेवढा भार गुडघ्यावरून आपसूक कमी.

हे सगळं लिहून मी प्लॅन पाठवतो. दोन निळ्या टिक्स येतात. अंगठा येतो. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहतं.

‘सर, एक राहिलं. मार्चमध्ये हर्नियाचं ऑपरेशन झालं. पण ते आता दुखत नाही, म्हणून लिहिलं नाही.’